स्लॅबच्या आदल्या दुपारी

"मी सार्वजनिक बांधकाम विभागातून पाच वर्षांपूर्वी उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. वय ६३. नोकरीतली बरीच वर्षं इमारतींच्या कामावर गेली: शाळा, वसतिगृहं, कर्मचारी निवासस्थानं. नाशिकला इंदिरानगरात राहतो. तब्येत चांगली आहे, नुसतं घरी बसवत नाही. इथल्या बिल्डरांच्या संघटनेला पत्र लिहून आठवड्यातले दोन-तीन दिवस साइट तपासण्याचं आणि ड्रॉइंग तपासण्याचं काम मागावं असं मनात आहे. पत्र तयार आहे, पण पाठवायला हात धजावत नाही. त्यात 'बांधकाम क्षेत्रातील कोणतीही तांत्रिक सेवा देण्यास तयार आहे, मानधनाची विशेष अपेक्षा नाही' असं लिहून चार पानांचा बायोडेटा जोडलाय. मुलगा म्हणतो, हे कुणी वाचणार नाही. शिवाय कुठे सही करून अडकायला नको, ही धास्तीही आहे. पत्र कसं लिहू?"
— एक निवृत्त उपअभियंता, नाशिक

नमस्कार साहेब,

मुलाचं म्हणणं मला पटतं. संघटनेची स्वतःची साइट नसते, साइट असतात सभासदांच्या. तुमचं पत्र आधी कार्यालयातल्या माणसाच्या हातात पडेल. त्याला ते उपयोगाचं वाटलं तर फोटो काढून तो सभासदांना पाठवेल. मग कुणीतरी बिल्डर साइटवर उभ्या उभ्या ते मोबाइलवर वाचेल. त्याला तीनच गोष्टी कळायला हव्यात: हा माणूस नेमकं काय करणार, कधी येणार आणि माझ्या हातात काय देऊन जाणार. "कोणतीही तांत्रिक सेवा" यातून तिन्हींपैकी एकही कळत नाही. उलट "सरकारी साहेब" म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे काम अडवणारा माणूस उभा राहतो, ती भीती पत्रातच घालवावी लागेल.

म्हणून दोनच कामं देऊ करा. स्लॅबच्या आठ-दहा दिवस आधी आर्किटेक्टचं आणि स्ट्रक्चरलचं ड्रॉइंग एकमेकांवर ठेवून जुळवून पाहणं, आणि स्लॅबच्या आदल्या दिवशी सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीटच्या साच्यावर, चढून सळई तपासणं. तुमच्या खात्यात झाकलं जाणारं काम मोजून नोंदवल्याशिवाय काँक्रीट पडत नाही, ही सवय तुमच्या अंगात आहे. खासगी साइटवर नेमकी तिचीच उणीव असते. तिथला साइट इंजिनिअर बहुतेक वेळा कॉलेजातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेला असतो. त्याला मजूर, सिमेंट, पाणी, शेजाऱ्यांच्या तक्रारी सगळं एकट्यानं बघायचं असतं. कन्सल्टंटच्या ऑफिसातून कुणीतरी येतं, पण ते अनेकदा पंप लागल्यावर. तेव्हा चूक दिसली तरी ती सुधारायला वेळ उरलेला नसतो.

ड्रॉइंग जुळवण्याचं महत्त्व मी माझ्याच चुकीतून शिकले. मी स्ट्रक्चरल डिझाइन करते. एका स्टिल्ट अधिक सात मजली इमारतीत आर्किटेक्टनं दुसऱ्या सुधारणेत टॉयलेटची भिंत ४५० मिलिमीटर सरकवली, कारण दार नीट उघडत नव्हतं. भिंतीबरोबर डक्टही सरकला. माझ्या ऑफिसात पहिल्याच सुधारणेचं ड्रॉइंग होतं आणि आमचा २३० रुंदीचा बीम जुन्या भिंतीखाली तसाच राहिला. साइटवर दोन्ही ड्रॉइंग वेगवेगळ्या माणसांकडे होती. सुतारानं सेंट्रिंग स्ट्रक्चरलप्रमाणे केलं आणि नंतर प्लंबर आर्किटेक्टचं ड्रॉइंग घेऊन आला. ६०० च्या डक्टमधून बीम आडवा गेलेला. ११० चा पाइप खाली उतरेना, म्हणून त्यानं बीमची कड फोडली. खालच्या सळ्या उघड्या पडल्या तेव्हा कुठे मला फोन आला. तोपर्यंत तीन स्लॅब झाले होते आणि तिन्ही मजल्यांवर तेच. बीम जॅकेट करून डक्ट दुसरीकडे न्यावा लागला आणि दोन फ्लॅटच्या टॉयलेटचा नकाशा बदलला.

ही चूक टेबलावर अर्ध्या तासात सापडते. पहिल्यांदा दोन्ही ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यातला सुधारणा क्रमांक आणि तारीख बघायची. स्ट्रक्चरलची तारीख आर्किटेक्टच्या शेवटच्या सुधारणेच्या आधीची असेल, तर पुढचं काही न बघताही शंका लिहून ठेवायची. मग कॉलमच्या मध्यरेषा दोन्हीकडे मोजून जुळवायच्या आणि कॉलमची लांब बाजू कुठल्या दिशेला आहे तेही बघायचं. त्यानंतर फक्त तीन जागा: डक्ट, टॉयलेटचा संक म्हणजे तिथला खाली घेतलेला स्लॅब, आणि जिना. डक्टमध्ये बीम येतो का, संक टॉयलेटच्याच खाली आहे का, आणि जिन्यावरून चढताना डोक्यावर कुठला बीम खाली उतरतो का. प्रत्येक दार-खिडकीची मापं तपासत बसलात तर दोन दिवस जातील आणि कुणी तेवढे पैसे देणार नाही. नव्या इमारतीत नंतर जी फोडाफोड होते, तिच्यातली मोठी या तीन जागांची असते.

दुसरं काम साइटवरचं. समजा पाथर्डी फाट्याकडे एक इमारत आहे, दुसरा स्लॅब उद्या सकाळी आहे आणि तुम्ही आज दुपारी तीनला पोचलात. सगळी सळई मोजायला वेळ नाही आणि गरजही नाही. खालच्या जाळीची अंतरं साइट इंजिनिअरनं बघितलेली असतात. तुम्ही सरळ बाल्कनीकडे जा.

बाल्कनी बाहेर झेपावलेली असते, म्हणून तिची मुख्य सळई वर असते. घरातल्या स्लॅबला सवयीनं खाली सळई बघणाऱ्या फिटरला हे माहीत असतं, पण वरची सळई वरच राहावी म्हणून खाली चेअर, म्हणजे वाकवलेल्या सळईचे टेकू, लावायचा कंटाळा होतो. १२५ मिलिमीटरचा स्लॅब, सळईवर २० चं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर. म्हणजे प्लायवुडपासून सळईच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावला तर १०५ भरायला हवं. तुम्ही मोजता आणि ७५ भरतं, कारण दिवसभर माणसं तिच्यावरून चालली आहेत. नुसती ३० मिलिमीटर खाली गेली, यात काय एवढं? हिशेब करून बघा. सळई १० मिलिमीटरची, दर १५० वर, काँक्रीट एम २५. स्लॅबच्या खालच्या कडेपासून सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर १०० होतं, ते ७० झालं. सळई तेवढीच, तिची ओढ तेवढीच, पण वाकण्याला विरोध करणारा दांडा, म्हणजे सळईची ओढ आणि काँक्रीटचा दाब यांच्यातलं अंतर, ८९ वरून ५९ वर येतो. बाल्कनीची जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेली, आणि उद्या काँक्रीट पडल्यावर हे कुणालाही दिसणार नाही. काही वर्षांनी भिंतीला लागून वरच्या बाजूला लांबट तडा जाईल आणि लोक म्हणतील वॉटरप्रूफिंग खराब होतं.

उपाय दुपारी तीन वाजता सोपा आहे. साधारण मीटरभराच्या अंतरावर चेअर लावायच्या, सळई वर उचलून बांधायची आणि उद्या काँक्रीट टाकणाऱ्यांना चालायला फळ्या टाकायच्या. दोन फिटरांचं तासा-दोन तासांचं काम. तेवढ्यात त्या सळ्या घराच्या आतल्या स्लॅबमध्ये ड्रॉइंगमध्ये दाखवलेल्या लांबीइतक्या गेल्या आहेत का, तेही मोजून घ्या. हीच गोष्ट सकाळी नऊला, पंप चालू झाल्यावर सांगितली असती तर कुणी ऐकलं नसतं. म्हणून तपासणीची वेळ पत्रात लिहायला मी आग्रहानं सांगते.

बाल्कनीनंतर कॉलम आणि बीमचा सांधा बघा. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये येतं, त्यामुळे भूकंपासाठी सळई कशी बांधायची ते सांगणाऱ्या आयएस १३९२० ची डिटेलिंग इथे लागू आहे. कॉलमच्या रिंगा सांध्यातूनही गेल्या पाहिजेत. फिटर आधी बीमच्या सळ्या आत घालतो आणि मग सांध्यात रिंग शिरत नाही, म्हणून सोडून देतो. वरून टॉर्च मारून आत बघितलं की लगेच कळतं. रिंगेचं तोंड ९० अंशात दुमडलंय की १३५, तेही तिथेच दिसतं. ९० चं तोंड भूकंपात कव्हर उडालं की उघडतं. सांध्याच्या खाली-वर कॉलममध्येही रिंगा दाट लागतात: ३०० बाय ६०० चा कॉलम आणि बारीकातली बारीक उभी सळई १६ ची असेल तर ६०० मिलिमीटरच्या पट्ट्यात दर ७५ वर एक. ड्रॉइंगमध्ये हे लिहिलेलं असतं. साइटवर मात्र खालपासून वरपर्यंत १५० वर बांधलेली सापडते.

आता सहीबद्दल. तुमची धास्ती योग्य आहे आणि तिचा उपाय पत्रातच आहे. इमारतीच्या मजबुतीची जबाबदारी महापालिकेकडे नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरची असते, ती तुम्ही अंगावर घेऊ नका. स्टॅबिलिटी सर्टिफिकेटवर सही करू नका. महारेराच्या फॉर्म २ वरही करू नका. तो फॉर्म प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढण्यासाठी इंजिनिअरनं झालेल्या खर्चाचा दाखला द्यायचा असतो, आणि पार्टटाइम येणाऱ्या माणसाला तो खर्च माहीत असणं शक्य नाही. तुम्ही द्यायचं ते एका पानाचं निरीक्षण: तारीख, वेळ, कुठला मजला, कुठल्या क्रमांकाच्या आणि सुधारणेच्या ड्रॉइंगशी ताडून पाहिलं, काय मोजलं, किती भरलं. "बाल्कनी बी-३, वरच्या सळईची उंची ७५, ड्रॉइंगप्रमाणे १०५" एवढंच. "सर्व ठीक" किंवा "स्लॅब टाकण्यास हरकत नाही" हे शब्द कधीही लिहू नका. हरकत आहे की नाही ते कन्सल्टंट सांगेल. सळई वाढवा, बीम मोठा करा, असंही साइटवर तोंडी सांगू नका, तुम्हाला शंभर टक्के खात्री असली तरीही. डिझाइनमध्ये त्या बीमवर काय भार धरलाय ते तुमच्यासमोर नसतं.

ते पान बिल्डरला आणि कन्सल्टंटला एकाच वेळी जाईल हे आधीच ठरवून घ्या. मी कन्सल्टंट आहे, आणि असं पान मला आदल्या संध्याकाळी मिळालं तर मी उपकार मानेन. तेच माझ्यापासून लपवून बिल्डरकडे गेलं तर तुम्ही माझ्या चुका काढायला आलात असं मला वाटेल. पान देऊनही दुसऱ्या दिवशी तसाच स्लॅब टाकला तर? एकदा झालं तर पुढच्या पानावर तशी नोंद करा. दुसऱ्यांदा झालं तर त्या साइटवर जाणं बंद करा आणि कारण लिहून कळवा. फक्त एका बाबतीत थांबू नका. सेंट्रिंगचे टेकू भुसभुशीत भरावावर उभे असतील, खाली फळी नसेल, तर तिथल्या तिथे सगळ्यांना खाली उतरवा आणि बिल्डरला फोन लावा. तिथे प्रश्न माणसांच्या जिवाचा असतो.

मानधनाचं वाक्य काढून टाका. फुकट आलेल्या माणसासाठी कुणी फिटरला दोन तास थांबवत नाही, हे मी खूप वेळा बघितलंय. भेटीमागे दर ठेवा: एक ड्रॉइंग जोडी तपासण्याचा एक, एका स्लॅबच्या भेटीचा एक. दर ठरवताना जाण्यायेण्याचा वेळ, सेंट्रिंगवरचे दोन तास आणि रात्री पान लिहिण्याचा तास धरा. चौरस फुटावर दर घेऊ नका. पैसे बिल्डरकडूनच बिल देऊन घ्या, ठेकेदाराकडून किंवा सळईवाल्याकडून चहाच्या पलीकडे काही नको. आणि आठवड्याला दोन भेटींच्या वर हो म्हणू नका. सातव्या मजल्यापर्यंत लिफ्ट नसते, शिडी बांबूची असते. हेल्मेट आणि चांगले बूट स्वतःचे न्या, आणि वैयक्तिक अपघात विमा आधी काढून घ्या.

पत्राचा मसुदा मी असा करेन:

"प्रति, मानद सचिव. विषय: स्लॅबपूर्व सळई तपासणी व ड्रॉइंग जुळवणी, सभासदांसाठी.

महोदय,
मी सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेला उपअभियंता असून इमारतींच्या कामाचा मला दीर्घ अनुभव आहे. आपल्या सभासदांसाठी मी पुढील दोनच कामे करू इच्छितो.

एक, स्लॅबच्या किमान आठ दिवस आधी आर्किटेक्ट व स्ट्रक्चरल ड्रॉइंग मिळाल्यास, सुधारणा क्रमांक, कॉलम, डक्ट, संक व जिना यांतील तफावत दोन दिवसांत लेखी कळवीन. दोन, स्लॅबच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता साइटवर येऊन बाल्कनी, कॉलम-बीम सांधे, कव्हर व टेकू पाहीन आणि त्याच संध्याकाळी एका पानाचे निरीक्षण सभासद व त्यांचे स्ट्रक्चरल कन्सल्टंट या दोघांना देईन. स्लॅबच्या दिवशी मी काम थांबवण्यास येणार नाही.

मी डिझाइन बदलत नाही व कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. ती जबाबदारी नेमलेल्या इंजिनिअरचीच राहील. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी सभासदांवर असते. झाकले जाण्यापूर्वीची नोंद त्यांच्या फाइलला असावी, हा यामागचा हेतू आहे.

आठवड्यात दोनच भेटी शक्य आहेत. दर भेटीनुसार असून सोबत जोडला आहे. निरीक्षणाच्या पानाचा नमुनाही जोडला आहे. मासिक बैठकीत पंधरा मिनिटे मिळाल्यास तो समजावून सांगेन.
आपला विश्वासू,"

"काम थांबवण्यास येणार नाही" हे वाक्य कुणी कितीही सांगितलं तरी काढू नका, बिल्डर बहुधा त्याच एका वाक्यासाठी फोन करेल. चार पानांचा बायोडेटा घरी ठेवा. त्याच्या जागी नमुन्याचं पान नीट तयार करा. त्यात बाल्कनीचं उदाहरण भरून दाखवा, टेप लावलेल्या सळईचा जवळून काढलेला एक फोटो लावा, टेपवरचा आकडा वाचता यायला हवा. फोटोसाठी ओळखीच्या कुणाच्या साइटवर जाणार असाल तर आधी विचारा आणि पानावर साइटचं नाव घालू नका.

पत्र टपालानं न पाठवता स्वतः कार्यालयात नेऊन द्या आणि पुढची बैठक कधी आहे ते विचारून घ्या. पावसाळा संपल्यावर बंद पडलेले स्लॅब एकदम सुरू होतात. तेव्हा सगळ्यांचीच घाई असते, म्हणून पत्र सप्टेंबरमध्ये त्यांच्या टेबलावर असू दे. पहिलं काम आलं की आधी कन्सल्टंटला फोन करा, "उद्या दुपारी तुमच्या स्लॅबवर जातोय, शेवटची सुधारणा कितवी?" एवढं विचारा, आणि त्याच क्रमांकाचं ड्रॉइंग घेऊन शिडी चढा.